कॉडा इक्वायना: कंबरदुखीतली शस्त्रक्रियेची घाई

मेंदूतून निघालेला मज्जारज्जू पाठीच्या कण्याच्या टोकापर्यंत पोहोचत नाही. प्रौढ माणसात तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याच्या आसपास, म्हणजे शेवटच्या बरगडीच्या जरा खाली, संपतो. त्याच्या खाली कण्याच्या पोकळीत उरतो तो मज्जातंतूंच्या मुळांचा जुडगा. ही मुळे मज्जारज्जूच्या शेवटच्या भागातून निघतात आणि आपापल्या मणक्याजवळच्या छिद्रापर्यंत सरळ खाली उतरत जातात. या जुडग्याला जुन्या शरीरशास्त्रज्ञांनी कॉडा इक्वायना, म्हणजे घोड्याची शेपटी, असे लॅटिन नाव दिले आणि तेच रूढ झाले. त्यावर एकाएकी मोठा दाब आला, की जो लक्षणसमूह दिसतो त्याला कॉडा इक्वायना सिंड्रोम म्हणतात. हा विकार दुर्मीळ आहे. पण कंबरदुखीच्या ज्या थोड्या रुग्णांना तासांच्या हिशेबाने ऑपरेशन टेबलावर न्यावे लागते, त्यांत याचा क्रमांक वरचा आहे.

त्या जुडग्यातली सगळी मुळे सारख्या कामाची नाहीत. कमरेच्या मणक्यांची आणि माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीतले पहिले मूळ पायांकडे जाते: मांडी, पोटरी, घोटा, पाऊल. त्रिकास्थीची दुसरी, तिसरी आणि चौथी मुळे मात्र मूत्राशय, गुदद्वार, जननेंद्रिये आणि या सगळ्यांच्या सभोवतालच्या त्वचेसाठी आहेत. पायांची मुळे वाटेतच कडेने बाहेर पडतात, त्यामुळे खालच्या मणक्यांपाशी पोकळीच्या मध्यभागी राहतात ती नेमकी मूत्राशयाची आणि गुदद्वाराची मुळे. कमरेच्या चौथ्या-पाचव्या किंवा पाचव्या मणक्याच्या खालच्या गादीचा मोठा तुकडा बरोबर मधोमध मागे सरकला, तर पहिला मार याच मुळांना बसतो. म्हणून हा रुग्ण पायांवर उभा असतो, अनेकदा चालतही येतो. चालता येते म्हणजे मोठे काही नसणार, हा निष्कर्ष याच ठिकाणी फसतो.

गादी सरकणे ही मराठी घरांत सहज बोलली जाणारी गोष्ट झाली आहे, पण तिचा मज्जातंतूंशी असलेला संबंध वैद्यकाला तसा उशिरा उमगला. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समधील शल्यविशारद वॉल्टर डँडी यांनी 1929 साली असे दोन रुग्ण नोंदवले, ज्यांच्या कमरेत गादीचा सुटा तुकडा कॉडा इक्वायनावर दाबून बसला होता आणि गाठीचा भास करत होता. 1934 साली मिक्स्टर आणि बार यांनी गादी फुटून सायटिका होते हे सिद्ध केले. आजही या विकाराचे सर्वांत नेहमीचे कारण तेच आहे, फक्त सरकणाऱ्या गाद्यांपैकी फारच थोड्यांची मजल इथवर जाते. याशिवाय कण्यातली गाठ, क्षयाने किंवा अन्य जंतूंनी झालेला पू, रक्त पातळ करणाऱ्या औषधांवर असलेल्या माणसाच्या कण्यात साठलेले रक्त, अपघातात मोडलेला मणका, अशीही कारणे असतात. कारण वेगळे असले तरी दाबाचा परिणाम आणि तातडी तीच.

मज्जातंतूची मुळे शरीरातल्या इतर नसांसारखी जाड वेष्टनात गुंडाळलेली नसतात. दाब वाढला की आधी त्यांच्यातल्या बारीक शिरांमधला रक्ताचा निचरा अडतो, मूळ सुजते, सुजेमुळे दाब आणखी वाढतो आणि पुढे पोषक रक्तही पोहोचेनासे होते. सुरुवातीला फक्त संदेश वहन थांबलेले असते, तंतू जिवंत असतात. दाब लवकर काढला तर ते पुन्हा कामाला लागतात. पण काही काळाने ते मरू लागतात आणि मेलेल्या तंतूंना ऑपरेशनने परत आणता येत नाही. घाई करण्याचे कारण एवढेच आहे. ऑपरेशन मुळांना बरे करत नाही, ते फक्त वरचा दाब काढते. मुळांची बरी होण्याची कुवत शिल्लक असेपर्यंत ते झाले पाहिजे.

आता मूत्राशयाकडे पाहू, कारण रुग्णाला आणि डॉक्टरला फसवणारे बहुतेक धोके इथेच आहेत. निरोगी माणसाच्या मूत्राशयात साधारण 150 ते 250 मिलिलिटर लघवी साठली की पहिली जाणीव होते आणि 400-500 मिलिलिटरला जागा शोधावीशी वाटते. ही जाणीव त्रिकास्थीच्या मुळांवाटे वर जाते. मोकळे होण्याची वेळ आली की त्याच मुळांमधून मूत्राशयाच्या स्नायूला आकुंचन पावण्याचा आणि झडपेला सैल होण्याचा निरोप खाली येतो. दाब बसला की सगळे एकदम बंद होत नाही. आधी जाणीव बोथट होते: लघवी लागली आहे हे कळायला वेळ लागतो, किंवा झाली की नाही हे नीट उमगत नाही. मग सुरू व्हायला वेळ लागतो, धार बारीक होते, कुंथावे लागते. त्यानंतर लघवी अडते, पण दुखत नाही, कारण फुगल्याची जाणीवच वर पोहोचत नसते.

इथला फसवा प्रकार लक्षात ठेवण्याजोगा आहे. लघवी तुंबली की मूत्राशय भरत जाते, 800 मिलिलिटर, कधी एक लिटरवर, आणि मग दाबामुळे थेंब थेंब बाहेर पडू लागतात. रुग्णाला वाटते, 'लघवी होतेय, पण थोडी थोडी होतेय.' घरच्यांना वाटते, उन्हाने गरम झाले असेल किंवा इन्फेक्शन असेल. मग भरपूर पाणी पिण्याचा सल्ला मिळतो, आणि जे मूत्राशय आधीच फुगलेले आहे ते आणखी ताणले जाते. फार ताणलेला स्नायू स्वतःच निकामी होऊ शकतो, म्हणजे मुळे सुधारली तरी त्याच्यात आकुंचन पावण्याचे बळ उरत नाही.

सुन्नपणा येतो तो घोड्याच्या खोगिरावर बसताना शरीराचा जो भाग टेकतो तेवढ्यात: गुदद्वाराभोवती, जननेंद्रियांवर, मांड्यांच्या आतल्या वरच्या बाजूला. याला खोगीर-सुन्नपणा म्हणतात. रुग्ण स्वतः तो फार क्वचित सांगतो. तो सापडतो तो शौचाला गेल्यावर, धुताना पाण्याचा गार स्पर्श नीट कळत नाही तेव्हा, किंवा स्कूटरच्या सीटवर बसल्यावर एका बाजूला पुठ्ठा असल्यासारखे वाटते तेव्हा. काहींना लैंगिक संवेदना हरवल्याचे आधी लक्षात येते. या गोष्टी डॉक्टरला आपणहून सांगायला बहुतेक माणसे लाजतात, आणि दवाखान्यात गर्दी असली की डॉक्टरही विचारत नाही. एका थेट प्रश्नाने सुटणारा घोळ असा एक-दोन दिवस लांबतो.

जगभर डॉक्टरांनी या विकाराचे टप्पे पाडले आहेत. पहिल्यात फक्त शंका असते: दोन्ही पायांत कळा, वाढत जाणारा अशक्तपणा, पण मूत्राशय अजून शाबूत. दुसऱ्यात जाणीव बिघडलेली, धार कमी झालेली, पण लघवी स्वतःच्या इच्छेने होते आहे. याला अपूर्ण अवस्था म्हणतात. तिसऱ्यात लघवी तुंबून थेंब गळू लागतात. चौथ्यात त्या भागाची जाणीव आणि झडपेचा ताबा पूर्ण गेलेला असतो. ऑपरेशन अपूर्ण अवस्थेत झाले तर मूत्राशय पुन्हा जागेवर येण्याची शक्यता चांगली असते. तुंबल्यानंतर ती ठळकपणे उतरते. दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्यातले अंतर कधी दिवसाचे असते, कधी काही तासांचे. सगळी तातडी या अंतरात सामावली आहे.

निफाड तालुक्यातला द्राक्षांची क्रेट टेम्पोत चढवणारा अडतीस वर्षांचा माणूस घेऊ. हा रुग्ण कल्पित आहे, पण त्याचे दिवस नेहमीच्या घडणीचे आहेत. त्याला तीन महिने उजव्या पायात सायटिकाची कळ आहे, गोळ्या चालू आहेत. सोमवारी सकाळी क्रेट उचलताना कमरेत काहीतरी 'कटकन' झाल्यासारखे होते आणि कळ दोन्ही पायांत उतरते. घरचे शेक देतात, बाम चोळतात. संध्याकाळी गावातल्या दवाखान्यात इंजेक्शन मिळते, ट्रॅमाडॉलच्या गोळ्या मिळतात. रात्री अकराच्या सुमारास लघवीला जातो तेव्हा पाच मिनिटे उभा राहूनही सुरुवात होत नाही. मग जोर लावल्यावर थोडी होते. तो झोपतो. मंगळवारी सकाळी दुखणे थोडे कमी असते, त्यामुळे घरात समाधान असते. धुताना पाणी गार आहे की कोमट हे त्याला कळत नाही, पण इंजेक्शनमुळे जागा बधिर झाली असेल, असे तो मनाशी म्हणतो. दुपारनंतर पँट ओलसर होऊ लागते. बुधवारी सकाळी बेंबीच्या खाली पोट कठीण आणि फुगलेले दिसते.

तालुक्याच्या रुग्णालयात कॅथेटर घातल्यावर 900 मिलिलिटर लघवी निघते. डॉक्टर ती नळी हलकेच ओढून पाहतात आणि रुग्णाला ओढल्याचे काहीच जाणवत नाही, हे निदानाला पुरेसे मोठे बोट दाखवणारे चिन्ह आहे. 108 च्या रुग्णवाहिकेने त्याला नाशिकला नेतात. एमआरआयमध्ये कमरेच्या पाचव्या मणक्याखालच्या गादीचा मोठा तुकडा पोकळी भरून टाकताना दिसतो आणि ऑपरेशन संध्याकाळी होते. या माणसाच्या कहाणीत सोमवारची रात्र म्हणजे दुसरा टप्पा होता. त्या रात्री तो किंवा त्याचा डॉक्टर जागा झाला असता, तर लघवी सुरू व्हायला उशीर लागणे आणि दोन्ही पायांतली कळ या दोन गोष्टींवरून तो रुग्णालयात पोहोचला असता. मंगळवारी दुखणे कमी झाले, ते औषधाने झाले असेल किंवा मुळे सुन्न पडल्याने झाले असेल. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात, आणि दुखणे ओसरत असतानाच लघवीची तक्रार सुरू झाली, तर बरे वाटतेय म्हणण्याची वेळ ती नसते.

डॉक्टर तपासताना काय पाहतो, हे रुग्णालाही माहीत असलेले बरे. आधी प्रश्न: शेवटची लघवी कधी झाली, लागल्याचे कळले का, धार कशी आहे, शौच झाल्याचे कळते का, कागद किंवा पाणी लागल्याचे जाणवते का, लैंगिक जाणिवेत काही फरक पडला का. मग टाचणीने गुदद्वाराभोवती दोन्ही बाजूंची संवेदना, बोटाने गुदद्वाराच्या स्नायूचा ताण. ही तपासणी संकोचाची आहे, पण ती टाळणे हा सर्वांत महागडा संकोच ठरू शकतो. स्नायूचा ताण नीट वाटला म्हणून विकार नाही असे मात्र म्हणता येत नाही, कारण बोटाचा अंदाज अनुभवी माणसाचाही चुकतो. त्याहून भरवशाचा आकडा म्हणजे लघवी करून आल्यावर मूत्राशयात किती उरली हा. साध्या सोनोग्राफीने तो पाच मिनिटांत कळतो. 200 मिलिलिटरपेक्षा जास्त उरत असेल तर शंका दाट होते. त्यापेक्षा कमी असेल तर धोका कमी होतो, पण शून्य होत नाही, कारण अगदी सुरुवातीच्या टप्प्यात आकडा अजून वर चढलेला नसतो.

या आकड्याचा अर्थ लावतानाही अडचणी असतात. तीव्र दुखण्यानेच लघवी अडते. ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामके आणि सायटिकासाठी दिली जाणारी अमिट्रिप्टिलिन यांनीही अडते, शिवाय बद्धकोष्ठ होतो आणि तोही भर घालतो. पासष्टीच्या माणसात प्रोस्टेटवर बोट ठेवणे सोपे असते, जुन्या मधुमेहात मूत्राशय आधीच मंद असते. पण ही स्पष्टीकरणे देताना एक पथ्य पाळावे लागते: खोगीर भागातली संवेदना कमी झाली असेल, तर प्रोस्टेट आणि गोळ्या तिचे कारण देऊ शकत नाहीत. सुन्नपणा आणि लघवीची तक्रार एकत्र आली की बाकीची कारणे बाजूला सारून आधी कणा तपासायचा.

निदान पक्के होते ते एमआरआयने. एक्स-रेमध्ये गादी दिसतच नाही, त्यामुळे 'एक्स-रे नॉर्मल आहे' हे वाक्य या प्रश्नाचे उत्तर नाही. काही जुन्या पेसमेकरसारख्या कारणाने एमआरआय करता येत नसेल तर सीटी स्कॅनचा पर्याय असतो. ब्रिटनमध्ये 2023 साली या विकारासाठी ठरवलेल्या राष्ट्रीय मार्गात, शंका आल्यावर एमआरआय मागवल्यापासून चार तासांत व्हावा असे म्हटले आहे. अशा शंकेने केलेल्या बहुसंख्य स्कॅनमध्ये मोठा दाब सापडत नाही, हेही खरे. पण लक्षणांवरून निवड करताना खरा रुग्ण सुटू नये म्हणून हे खोटे इशारे पत्करावे लागतात. महाराष्ट्रात मोठ्या शहरांबाहेर रात्री एमआरआय मिळणे दुरापास्त असते, म्हणून तिथे सकाळची वाट न पाहता जिथे यंत्र आणि मणक्याचा सर्जन दोन्ही आहेत तिथे रुग्णाला हलवणे शहाणपणाचे. वाटेत लघवी तुंबू नये यासाठी निघण्यापूर्वी कॅथेटर घालणे योग्य ठरते, पण त्याआधी संवेदनेची नोंद करून घ्यावी, कारण नंतर तुलनेला तीच हाताशी असते.

ऑपरेशन पूर्ण भूल देऊन, रुग्णाला पालथे झोपवून होते. मणक्याच्या मागच्या कमानीचे हाड काढून पोकळी उघडली जाते, मुळे जपून बाजूला सारली जातात आणि गादीचा तुकडा बाहेर काढला जातो. नेहमीच्या सायटिकात दुर्बिणीतून लहान चीर देऊन काम भागते, इथे मात्र तुकडा मोठा असतो आणि मुळे आधीच दुखावलेली असतात, म्हणून सर्जन बऱ्याचदा जास्त जागा मोकळी करतात. किती वेळेत व्हावे हा वादाचा प्रश्न आहे. 2000 साली अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात 48 तासांच्या आत ऑपरेशन झालेल्यांचा निकाल चांगला आढळला आणि हा आकडा प्रसिद्ध झाला. पुढे त्यावर टीकाही झाली, कारण मज्जातंतू 48व्या तासाला बिघडतात असे काही नाही, नुकसान सतत वाढत जाणारे आहे. शिवाय घड्याळ कुठून सुरू करायचे? रुग्णालयाच्या दारातून की सोमवारी रात्री न सुरू झालेल्या लघवीपासून? बहुतेक तज्ज्ञांचा कल आज असा आहे की 48 तास हाती आहेत असे समजून निवांत राहू नये, अपूर्ण अवस्थेत रात्रीही ऑपरेशन करावे. पूर्ण तुंबल्यावर घाईने फार फरक पडतो का यावर मतभेद आहेत, पण उशीर केल्याने फायदा होतो असे कुणी म्हणत नाही.

तुकडा निघाला की पायातली कळ साधारण लवकर जाते, कधी शुद्धीवर येताक्षणी. मूत्राशयाचे तसे नसते. मज्जातंतू हळू भरून येतात, सुधारणा महिनोन्महिने आणि काही वेळा दोन वर्षांपर्यंत चालू राहते. निफाडच्या त्या माणसाला दिवसातून चार ते सहा वेळा स्वतः बारीक नळी घालून मूत्राशय रिकामे करायला शिकवतील. हे स्वच्छतेने, घरी, आरशाशिवायही जमते आणि नळी कायमची आत ठेवण्यापेक्षा इन्फेक्शनचा धोका कमी असतो. मूत्राशय भरून राहिले तर लघवी मागे चढून मूत्रपिंडे बिघडू शकतात, म्हणून नियमित सोनोग्राफी आणि रक्ततपासणी लागते. शौचाचे वेळापत्रक बांधावे लागते, लैंगिक क्रिया बिघडल्या असतील तर युरॉलॉजिस्टशी बोलावे लागते. या विषयावर रुग्ण आणि डॉक्टर दोघेही गप्प राहतात आणि औषधे व साधने असूनही वर्षे जातात.

ज्यांना आधीपासून सायटिका आहे, ज्यांच्या एमआरआयमध्ये मोठी गादी दिसलेली आहे, त्यांना औषधांच्या चिठ्ठीबरोबर चार गोष्टी लिहून मिळायला हव्यात: एका पायाची कळ दोन्ही पायांत गेली, मांड्यांच्या मधला भाग सुन्न झाला, लघवी सुरू व्हायला किंवा लागल्याचे कळायला उशीर झाला, शौच कळेनासे झाले. यांतली कुठलीही नव्याने सुरू झाली तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठायचे. तोवर कंबर चोळून घेणे, ओढणे किंवा मणके बसवून घेणे टाळायचे. पोटात काही न खाता-पिता निघणेही बरे, कारण ऑपरेशन ठरले तर भूल देताना पोट रिकामे लागते.